बार चार्ट कसा वाचायचा : वरच्या मजल्याचं काम

काका, काल तुम्ही विचारलंत, "सगळ्या कामांचे दिवस मिळवले तर 125 होतात, मग चार्ट 91 दिवसांवर कसा संपतो?" बेरीज तुमची बरोबर आहे. पण कामं एकामागे एक रांगेत उभी नाहीत, काही शेजारी शेजारी चालतात.

डावीकडे कामांची नावं, वर 5 जानेवारीपासूनचे दिवस. पट्टी जिथे सुरू होते त्या दिवशी माणसं येणार, जिथे संपते त्या दिवशी काम हातावेगळं. दोन पट्ट्या एकाच उभ्या रेघेत आल्या की त्या दिवशी दोन्ही कामं चालू.

वीटकाम पाहा, 36 ते 53. त्याखाली वायरिंग-प्लंबिंगच्या पाइपांची पट्टी 44 ते 57. पूर्वेकडच्या दोन खोल्यांच्या भिंती आधी उठतील. त्यांना आठवडाभर पाणी मारलं की वायरमन तिथे खाचा पाडायला लागेल, गवंडी तोवर पश्चिमेकडे. ओल्या भिंतीवर छिन्नी चालवली तर विटा हलतात, म्हणून हे मधले दिवस सोडलेत. आतलं प्लास्टर 54ला सुरू होतं तेही आधी पाइप झालेल्या खोल्यांतच. प्लास्टरनंतर भिंत फोडली की ठिगळ रंगाखालूनही दिसतं.

22 ते 35 या पट्टीत मात्र साइटवर कोणी दिसणार नाही. "काम बंद का?" असा फोन मला दरवर्षी कोणाचा तरी येतोच. स्लॅब 21व्या दिवशी भरायचा आहे, पण हॉलचा गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा आहे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तिथले टेकू किमान 14 दिवस काढायचे नाहीत. या पट्टीवर दुसरं काही चढवता येत नाही. स्लॅब चार दिवस लांबला तर शेवटही चार दिवस लांबणार.

बाहेरच्या प्लास्टरचं तसं नाही. ते 69ला संपतं, बाहेरच्या रंगाला 85व्या दिवशी हात लागतो. मधले सात दिवस पाणी मारण्याचे धरूनही आठ दिवस हाताशी उरतात. म्हणून आतलं काम अडलं तर मी बाहेरचे गवंडी आत घेईन, तेव्हा परांची रिकामी दिसली तर घाबरू नका.

होळीचे दिवस मी चार्टमध्ये धरलेले नाहीत. गवंडी गावी गेले तर तीन-चार दिवस जातील, त्यातले आतल्या प्लास्टरचे दिवस थेट शेवटावर पडतील.

फरशी 66ला सुरू होते. नमुना 50व्या दिवसाच्या आत ठरवून सांगा. काकूंना दुकानात दोनदा तरी जायचं असेल, ते धरूनच सांगतोय.