मार्चच्या भाड्यातून टीडीएस

नमस्कार मॅडम,

भाडे महिना ५८,००० म्हणजे ५० हजारांच्या वर, त्यामुळे कलम १९४-आयबीनुसार टीडीएस तुम्हाला कापावा लागेल. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे भाडे ६,९६,००० रुपये, २ टक्के म्हणजे १३,९२०. ही रक्कम मार्चच्या भाड्यातून एकदाच कापा आणि मला ४४,०८० पाठवा. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, लागत नाही. कापलेला कर भरण्याचा फॉर्म २६क्यूसी ३० एप्रिलपर्यंत भरा. उशीर झाल्यास रोज २०० रुपये शुल्क लागते. माझा पॅन करारनाम्यात आहे, एकेक अक्षर ताडून घ्या. एक जरी चुकले तर कर माझ्या २६एएस या जमा कराच्या विवरणात दिसणारच नाही.

तुमचे पॅनवरचे नाव, पॅन आणि ईमेल कळवा. तुमच्या व्यवसायाचे टॅक्स ऑडिट होते का, हेही जरूर सांगा, कारण मग नियम वेगळा लागतो. टीडीएस कापल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म १६सी, मला १५ मेपर्यंत द्या.

आपला,
घरमालक, फ्लॅट ३०२