वेबसाइटच्या बॅकअपबद्दल, अण्णांसाठी

अण्णा, नमस्कार.

काल तुम्ही विचारलंत, "वेबसाइट व्यवस्थित चाललीय, मग बॅकअपला वेगळे पैसे कशाला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या साइटचे दोन भाग आहेत. एक डेटाबेस, म्हणजे तुमची खातेवहीच: कुणी कोणती पैठणी घेतली, पैसे आले का, पार्सल कुठे पाठवायचं. दुसरा भाग फोटोंचा. अपडेट करताना साइट बिघडू शकते, कुणी पासवर्ड चोरून आत शिरू शकतं, नाहीतर दुकानातल्याच कुणाच्या हातून चुकून साड्यांची अख्खी यादी उडते. मला तर या शेवटच्याचीच जास्त धास्ती वाटते.

सध्या बॅकअप निघतो, पण तो साइटच्याच होस्टिंगवर, म्हणजे साइट जिथून चालते त्याच कॉम्प्युटरवर, पडून असतो. दुकानाची दुसरी किल्ली दुकानाच्याच गल्ल्यात ठेवावी, तसं. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवी, आणि एक तुमच्या घरी हार्ड डिस्कवर. ती डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. बॅकअप आहे म्हणजे साइट परत उभी राहील, असं नसतं. जानेवारी २०१७च्या शेवटी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या वेळातलं काम गेलंच. तिथे सगळे जाणकार होते, अण्णा.

म्हणून रविवारी मी तुमचा बॅकअप एका वेगळ्या, बाहेरच्यांना न दिसणाऱ्या पत्त्यावर उतरवून पाहिला. ऑर्डरी आल्या, दर आले, पण फोटो एकही नाही. बॅकअप फक्त डेटाबेसचाच निघत होता! ते मी आता दुरुस्त केलंय. तपासलं नसतं, तर हे ऐन दिवाळीत कळलं असतं. अशी चाचणी दर तीन महिन्यांनी घेऊ.

आता एक तुम्ही ठरवायचं. बॅकअप रात्री दोनला निघतो. संध्याकाळी सहाला साइट गेली, तर दिवसभराच्या ऑर्डरी त्यात नसतील. एरवी दोन-चार ऑर्डरी तुम्ही बँकेचे मेसेज बघून जुळवाल. लग्नसराईत आणि दिवाळीत ते जमणार नाही. त्या दिवसांत दर तासाला बॅकअप घ्यावा, असं माझं मत आहे. खर्च थोडा वाढेल.

आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या भाच्याच्या ईमेलवर आहे, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. तो गावाला असला की आपण अडकलो. शनिवारी त्याला दुकानात बोलवा, मीही येतो. तेवढं तुमच्या नावावर करून घेऊ आणि साइट बंद पडली तर कुणी काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते कागदावर लिहून गल्ल्याशेजारी लावू. पासवर्ड मात्र त्या कागदावर नकोत, ते वेगळ्या पाकिटात घालून घरच्या कपाटात ठेवा.