मृणालच्या रेफरन्ससाठी आलेला फोन

एचआर: नमस्कार सर. मृणालने रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. दहा-पंधरा मिनिटं बोलता येईल का?

मी: नमस्कार. हो, फोन येणार आहे हे तिने परवाच कळवलं होतं. आधी मला जागा कोणती आहे ते सांगा, म्हणजे तुमच्या उपयोगाचं तेवढं बोलता येईल.

एचआर: अकाउंट्स पेयेबलमध्ये सीनियर पोस्ट आहे. वर्षभरात चार जणांची टीम तिच्याकडे सोपवायचा विचार आहे.

मी: बरं. जून 2019 ते ऑगस्ट 2022 ती थेट मला रिपोर्ट करत होती. तिची तिन्ही अप्रेझल्स मीच केली. त्यानंतरचं तिचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर काही बोलणार नाही. आणि हे मी तिचा जुना मॅनेजर म्हणून सांगतोय, कंपनीच्या वतीने नाही. पद आणि तारखा यांची अधिकृत खातरजमा तिथल्या एचआरकडून करून घ्या.

एचआर: चालेल. काम कसं होतं तिचं?

मी: सहा जणांच्या टीममध्ये बिल तपासण्यात तिच्याइतकी बारीक नजर कोणाची नव्हती. एक प्रसंग सांगतो. एका व्हेंडरचं तेच बिल दुसऱ्यांदा आलं, पण बिल नंबरमध्ये मध्येच एक डॅश होता. सिस्टिमच्या लेखी तो वेगळा नंबर, त्यामुळे डुप्लिकेटची सूचना आलीच नाही. पर्चेस ऑर्डर तीच आणि रक्कमही तीच, हे मृणालच्या लक्षात आलं आणि तिने पेमेंट थांबवलं. इथवर कोणीही चांगला अकाउंटंट आला असता. ती तिथे थांबली नाही. नंबरमधले डॅश, स्पेस, सुरुवातीचे शून्य काढून टाकून तिने मागच्या वर्षभराची सगळी पेमेंट्स पुन्हा ताडून पाहिली. आधीच दोनदा गेलेली दोन पेमेंट्स सापडली. व्हेंडरांशी बोलून दोन्हींच्या क्रेडिट नोट्स तिनेच मिळवल्या. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एचआर: सीव्हीमध्ये तिने ईआरपी मायग्रेशनचं नेतृत्व केल्याचं लिहिलंय. बरोबर आहे का?

मी: शब्द नेमके कसे आहेत?

एचआर: “ईआरपी मायग्रेशनमध्ये व्हेंडर डेटाचं नेतृत्व.”

मी: मग बरोबर आहे. पूर्ण मायग्रेशनचा प्रोजेक्ट मॅनेजर वेगळा होता. व्हेंडर मास्टरची साफसफाई मात्र पूर्णपणे तिची. एकाच व्हेंडरच्या दोन-दोन नोंदी एकत्र करणं, बँक तपशील पुन्हा पडताळणं, बंद खाती बाजूला काढणं, हे सगळं तिने दोघांना हाताशी घेऊन केलं. नव्या सिस्टिमवरच्या पहिल्या पेमेंट रनमधलं एकही पेमेंट चुकीच्या खात्यामुळे परत आलं नाही, याचं श्रेय मी तिला देतो.

एचआर: आणि कमी कुठे पडते?

मी: याचं उत्तर नीट देतो, कारण “काहीच नाही” म्हटलं तर आधी जे सांगितलं त्यावरही तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात नुकसान तिचंच. 2021 च्या एका तिमाही क्लोजिंगला साठेक बिलं पोस्ट व्हायची राहिली होती. ती तिने स्वतःवरच ठेवली, रात्री थांबून संपवायला बघत होती. मला कळलं शेवटच्या दिवशी. घाईघाईने प्रोव्हिजन कराव्या लागल्या. आकडे चुकले नाहीत, पण सगळ्यांची धावपळ झाली. तिने चार दिवस आधी सांगितलं असतं तर मी एक माणूस दिला असता.

एचआर: मग पुढे?

मी: आम्ही बसून बोललो. त्यात माझीही चूक होती. अडलंय का, असं मी मधून विचारतच नव्हतो. दर सोमवारी किती बिलं किती दिवसांपासून पडून आहेत याची शीट ती मला पाठवायला लागली. पुढची सगळी क्लोजिंग्ज वेळेत झाली. तरी तिचा मूळ स्वभाव आधी स्वतः ओढून बघायचा. तो पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. तुम्ही घेतलंत तर पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी तिच्याशी बोला आणि पेंडिंगचा आकडा विचारा. आकडा विचारला की ती तो कधीही लपवत नाही.

एचआर: टीम सांभाळू शकेल?

मी: औपचारिकपणे टीम तिच्याकडे नव्हती, त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याइतका अनुभव माझ्याकडे नाही. पाहिलंय ते असं: दोन नवीन मुलांना तिने शिकवलं. बिल, ऑर्डर आणि माल मिळाल्याची पावती कशी जुळवायची, तफावत आली तर कोणाला फोन करायचा, याच्या तिने लिहिलेल्या नोट्स मी तिथे असेपर्यंत वापरात होत्या. शिकवताना ती चिडत नाही. काम वाटून द्यायला शिकली की झालं, आणि ते मघाच्या गोष्टीशीच जोडलेलं आहे. मुलाखतीत तिला हे सरळ विचारा.

एचआर: दहापैकी किती गुण द्याल?

मी: आकडा नको. माझे सात आणि दुसऱ्या कोणाचे नऊ सारखेच असू शकतात. त्यापेक्षा हे लिहून घ्या: याच कामासाठी मी तिला पुन्हा घेईन, आणि विचार न करता घेईन.

एचआर: 2022 नंतर सात महिन्यांचा गॅप दिसतोय. काही आजारपण, घरचं काही? ऑफ द रेकॉर्ड सांगितलंत तरी चालेल.

मी: रजा, तब्येत, घर, पगार यांवर मी कोणाच्याच रेफरन्समध्ये बोलत नाही. ज्यांच्याबद्दल सगळं छानच सांगायचं असतं, त्यांच्याबाबतीतही नाही. त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचा कृपया कुठलाच अर्थ काढू नका. शिवाय तो काळ ती माझ्याकडून गेल्यानंतरचा आहे. आणि ऑफ द रेकॉर्ड असं माझ्याकडे काही नाही. जे बोललो ते तिच्यासमोर बसूनही असंच बोललो असतो.

एचआर: समजलं. तुमच्याकडून ती का गेली, एवढं सांगाल?

मी: स्वतःहून राजीनामा दिला. नोटीस पिरियड पूर्ण केला आणि हँडओव्हर इतका व्यवस्थित दिला की नंतर तिला एकही फोन करावा लागला नाही. कारण तीच सांगेल.

एचआर: पैशाच्या व्यवहाराचं काम आहे, म्हणून विचारते. प्रामाणिकपणाबद्दल कधी शंका?

मी: कधीच नाही. एका व्हेंडरने लवकर पेमेंट व्हावं म्हणून तिला भेटवस्तू पाठवली होती. तिने ती त्याच दिवशी परत केली आणि मला मेल टाकला. त्या व्हेंडरचं बिल मात्र अडवलं नाही, त्याच्या क्रमानेच पास केलं. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली.

एचआर: खूप मदत झाली सर. हे सगळं गोपनीय राहील.

मी: तुमच्या बाजूने ठेवा. मी आज संध्याकाळी तिला फोन करून क्लोजिंगचा प्रसंग तुम्हाला सांगितल्याचं कळवणार आहे. तुम्ही विचाराल तेव्हा ती गोंधळायला नको. बरं, तुम्ही लिहून घेतलेलं एकदा वाचून दाखवाल? कमी पडण्याचा भाग तेवढा.

एचआर: “अडचण उशिरा सांगते.”

मी: “2021 मध्ये एका क्लोजिंगला उशिरा सांगितली, नंतर सोमवारची शीट सुरू केली, पुढची क्लोजिंग्ज वेळेत” असं करा, प्लीज.

एचआर: हो, बदलते. “पुढची क्लोजिंग्ज वेळेत.” झालं.

मी: धन्यवाद. अजून काही विचारायचं राहिलं तर उद्या दुपारी तीननंतर मी मोकळा आहे.