तर्कदोष: परवाच्या पेपरची शेवटची उजळणी, लायब्ररीवाल्या डिबेटसकट

काल मेसमध्ये तिघांनी वेगवेगळं येऊन विचारलं की स्ट्रॉ मॅन आणि रेड हेरिंग एकच ना, म्हणून बसून हे लिहितोय. सगळी उदाहरणं आपल्याच डिबेटची घेतलीत, विषय आठवतोय ना, "परीक्षेच्या महिन्यात लायब्ररीचा रीडिंग हॉल रात्री 11 पर्यंत उघडा ठेवावा". त्या एका तासात इतके तर्कदोष झाले की अख्खा सिलॅबस कव्हर होतो.

आधी बेसिक. आकारिक दोषात चूक सांगाड्यात असते. पाऊस पडला की ग्राउंड ओलं होतं, ग्राउंड ओलं आहे, म्हणजे पाऊस पडला, असं म्हणालात तर गेलात, माळीकाकांनी पाइप सोडून ठेवला असेल की. अनाकारिक दोषात सांगाडा बघून काही कळत नाही, काय बोललंय आणि कशाला उत्तर म्हणून बोललंय ते बघावं लागतं. म्हणून नुसतं नाव लिहून पूर्ण मार्क मिळत नाहीत, युक्तिवाद नेमका कुठे घसरला ते एका वाक्यात लिहायचंच.

स्ट्रॉ मॅन. आपली म्हण आहे, साप म्हणून भुई धोपटणे, तेच हे. प्रस्ताववाली मुलगी काय म्हणाली: परीक्षेचा महिना, एक हॉल, 11 पर्यंत. विरोधातला दादा उठून म्हणाला, "म्हणजे यांना कॉलेजची चोवीस तास धर्मशाळा करायचीये, मग वॉचमनकाकांनी झोपायचं कधी?" टाळ्या पडल्या, पण मोजा जरा, एका वाक्यात तीन बदल केले त्याने, महिन्याचं कायमचं केलं, हॉलचं कॉलेज केलं आणि अकराचं चोवीस तास. पेपरात अशीच दोन वाक्यं शेजारी ठेवायची, मूळ काय आणि पाडलं ते काय, फरक दाखवला की उत्तर झालं.

याचा दुसरा प्रकार कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा. मागच्या बाकावरून एफवायचा एक पोरगा ओरडला होता की अटेंडन्सच काढून टाका. त्याला धरून पुढची पाच मिनिटं "यांची मागणी बघा" चाललं होतं. समोरच्या बाजूचा सगळ्यात कच्चा माणूस निवडायचा आणि तीच त्यांची बाजू म्हणून झोडायची, हाही स्ट्रॉ मॅनच.

पण सावधान, समोरच्याच्या मागणीचा खरा परिणाम दाखवला तर तो दोष नाही. "11 पर्यंत हॉल उघडा ठेवायचा तर एक माणूस जास्त लागेल, त्याचा पगार कुठून देणार?" हा चोख मुद्दा होता आणि खरं सांगायचं तर आमच्या बाजूकडे त्याचं धड उत्तर नव्हतं.

आणि रेड हेरिंग म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर, विषयच बदलायचा. "लायब्ररीचं सोडा, आधी मेसच्या पोळ्यांचं बघा." यात समोरच्याचं म्हणणं वाकवलेलंच नाही, बाजूला ठेवलंय. स्ट्रॉ मॅनमध्ये ते वाकवून मग पाडतात. झालं, एवढाच फरक.

अ‍ॅड होमिनेम. मुद्दा सोडून माणसाला धरणं. तीन प्रकार पाठ करा.
एक, सरळ टोमणा: "दोन केट्या असलेली अभ्यासावर भाषण देणार?" तिच्या केटीने हॉलची गरज खोटी ठरत नाही, उलट वाढतेच म्हणा.
दोन, परिस्थितीवरून: "तू हॉस्टेलला राहतेस म्हणून तुला हवंय." असेल ना हवं, पण हवं असण्याचं कारण वेगळं आणि मागणी बरोबर असण्याचं कारण वेगळं.
तीन, टू क्वोक्वी, म्हणजे तू पण तसलाच: "गॅदरिंगला रात्री डीजे लावला तेव्हा वेळ नाही आठवली?" हे आमच्याच बाजूने झालं, आणि लाज वाटते पण बोलणारा मीच होतो.

इथे बहुतेक जण फसतात ते असं की माणसाबद्दल काहीही बोललं की अ‍ॅड होमिनेम लिहून मोकळे होतात. नाही. एक जण म्हणाला, मी रोज रात्री बघतो, हॉल रिकामाच असतो, तर त्याला "एंट्री रजिस्टरमध्ये महिनाभर तुझी सहीच नाही" असं म्हणणं बरोबर आहे, कारण तो साक्ष देत होता आणि साक्षीदाराचा भरवसा तपासावाच लागतो. तसंच मुद्द्याला पूर्ण उत्तर देऊन वर "मूर्ख" म्हटलं तर तो उद्धटपणा आहे, तर्कदोष नाही.

मोठ्या प्रश्नात भाव खायचा असेल तर लॉक लिहा. जॉन लॉकने 1690 च्या मानवी आकलनावरच्या निबंधात हे नाव वापरलं, पण त्याचा अर्थ वेगळा होता, समोरच्याने आधी मान्य केलेल्या गोष्टींवरूनच त्याला कोंडीत पकडणं. तिथेच थोरामोठ्यांच्या नावाचा धाक आणि अज्ञानाचा आधार हे दोनही येतात. त्याच्या आधीचं हवं तर अ‍ॅरिस्टॉटल, त्याने 13 दोष सांगितलेत, 6 भाषेमुळे होणारे आणि 7 भाषेबाहेरचे.

बाकीचे पटापट, म्हणी लावून.
शितावरून भाताची परीक्षा: घाईचं सामान्यीकरण. म्हण भाताला चालते कारण एका पातेल्यात सगळी शितं सारखीच शिजतात, पण "दोन मुलं हॉलमध्ये रील बघताना सापडली, म्हणजे सगळे टाइमपास करतात" याला नाही चालत.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला: पोस्ट हॉक. "वेळ वाढवली आणि त्याच वर्षी रिझल्ट सुधारला." पेपर सोपा होता की काय ते कोण बघणार.
म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो: स्लिपरी स्लोप. आज अकरा, उद्या एक, परवा हॉलमध्येच गाद्या. मधली प्रत्येक पायरी का घडेल ते सांगितलं तर दोष नाही, नुसती भीती घातली तर आहे.
खोटा पेच: "एकतर शिस्त, नाहीतर लायब्ररी." दोन्ही का नाही?
चक्राकार: "नियम योग्यच आहे, कारण नियमाविरुद्ध वागणं चूक असतं."
लोकानुनय, दयेची याचना आणि धाक हे स्वतः वाचा, सोपे आहेत.

शब्दच्छल मात्र आपल्याकडचा लिहा. न्यायदर्शनात वाक्छलाचं उदाहरण आहे नवकंबल, बोलणारा म्हणतो याच्याकडे नवं कांबळं आहे, ऐकणारा म्हणतो नऊ कुठेत, एकच तर दिसतंय. डिबेटमध्ये "लायब्ररी सगळ्यांसाठी खुली आहे" यातल्या "खुली"वर असाच खेळ झाला, एकाला परवानगी म्हणायची होती, दुसरा दाराच्या कुलपावर अडून बसला. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची, त्याला वितंडा म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवा.

शेवटचा, आणि हा आमच्या वेळी आला होता: दोष सापडला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. माझा डीजेवाला मुद्दा भिकार होता, म्हणून हॉल नऊलाच बंद करावा असं सिद्ध होत नाही.

सरावाला एक घ्या: "सर, हे पुस्तकांना हात न लावणारे लोक, यांना लायब्ररीत फक्त एसी हवाय, आणि एसीच द्यायचा तर कॅन्टीनला द्या!" सुरुवातीला टोमणा म्हणजे अ‍ॅड होमिनेम, मग मागणी वाकवलीये म्हणजे स्ट्रॉ मॅन, आणि कॅन्टीन आलं तिथून रेड हेरिंग. तिन्हींची फोड प्रत्येकी एका ओळीत लिहून बघा, दहाच्या आत रूमवर आणलंत तर तपासून देतो.