विषय: उद्याची समिती बैठक – सामाईक विजेसाठी गच्चीवर सोलर (रविवार, 10 ऑगस्ट, सकाळी 10, सोसायटी ऑफिस)

समितीच्या सर्व सदस्यांना नमस्कार,

उद्या एकच विषय आहे आणि दीड तासात तो संपवायचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 14 सप्टेंबरला घ्यायचं आपण ठरवलंय. तिच्या नोटिशीला चौदा पूर्ण दिवस द्यावे लागतात आणि 27 ऑगस्टला गणपती बसतात, त्यामुळे नोटीस 25 तारखेला निघायलाच हवी. तिच्यात सोलरचा ठराव नेमक्या शब्दांत कसा मांडायचा, हे ठरवण्यासाठी उद्याची बैठक. मंजुरी सभाच देईल. आपण मात्र एक ठाम शिफारस घेऊन सभेसमोर जायला हवं. "तीन कोटेशनं आली आहेत, तुम्हीच बघा" असं अठ्ठेचाळीस सभासदांना सांगितलं, तर विषय पुढच्या वर्षावर जाईल.

येण्याआधी कृपया वाचा

सोबत तीन फायली जोडल्या आहेत. वेळ कमी असेल तर निदान दुसरी वाचाच.

1. मागच्या बारा महिन्यांची सामाईक मीटरची बिलं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला सरासरी 2,350 युनिट. एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरले, तर 20 किलोवॉट आपल्याला पुरतात. जागा सुमारे 200 चौरस मीटर लागेल.

2. कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता. पहिलं 9.2 लाखांचं, दुसरं 11.4 आणि तिसरं 12.6 लाखांचं. पहिलं स्वस्त दिसतं, पण त्यातली पॅनेल आयात सेलची आहेत, त्यांवर पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान मिळत नाही. उरलेल्या दोन्हींत देशी सेलची पॅनेल आहेत आणि दोन्ही पुरवठादार योजनेच्या यादीतले आहेत. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये, म्हणजे आपल्याला 3.6 लाख मिळतील. ते वजा केल्यावर दुसरं 7.8 लाखांना पडतं आणि तिसरं 9 लाखांना. म्हणजे पहिलंच सगळ्यांत महाग. अनुदान काम पूर्ण झाल्यावर जमा होतं, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागेल.

3. स्ट्रक्चरल इंजिनिअरांचा गच्चीचा अहवाल, चार पानं. पान 3 वरचे फोटो नक्की बघा. ए-विंगचा कोबा पाण्याच्या टाकीच्या बाजूने फुटला आहे.

उद्या काय ठरायला हवं

आधी वॉटरप्रूफिंग की आधी सोलर? माझं मत स्पष्ट आहे: आधी वॉटरप्रूफिंग. 702 मध्ये देवघरावरच्या छताला ओल आली आहे आणि या पावसात ती ट्यूबलाइटपर्यंत पोचली. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं तिथेच राहणार. ती एकदा बसली की खालचा कोबा उकरणं म्हणजे सगळा सांगाडा उतरवणं. पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबेल, तेव्हा कोबा आणि त्यानंतर पॅनेल, असा क्रम ठरावात लिहून घ्यावा. सांगाड्यासाठी स्लॅबमध्ये भोकं पाडायची नाहीत, काँक्रीटचे ठोकळेच वापरायचे, ही अटही त्यातच असावी.

दुसरं कोटेशन की तिसरं? तिसऱ्यात सांगाडा अडीच मीटर उंच आहे, म्हणून ते 1.2 लाखांनी महाग. पण खालची गच्ची मोकळी राहते. ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी तिथेच फिरतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळतात आणि कोजागरीला सगळी सोसायटी तिथे जमते. गच्ची गेली तर सभेत विरोध होईल, आणि तो रास्तच असेल. उंच सांगाड्यावर वाऱ्याचा जोर जास्त येतो, म्हणून इंजिनिअरांना साडेदहा वाजता अर्ध्या तासासाठी बोलावलं आहे. त्यांना विचारायचे प्रश्न आजच मला पाठवा.

पैसे कुठून? खजिनदारांनी दोन पर्याय मांडले आहेत: दुरुस्ती निधीतली शिल्लक अधिक सभासदांकडून वर्गणी, किंवा बँकेचं कर्ज. सिंकिंग फंडाला हात लावू नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. तो इमारतीच्या मोठ्या संरचनात्मक कामासाठी आहे आणि आपली इमारत 1998 ची आहे. वर्गणीचा आकडा उद्याच ठरावा, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येणार.

नेट मीटरिंगच्या अर्जावर सही कोणी करायची आणि महावितरणकडे पाठपुरावा कोणी करायचा, हे पाच मिनिटांत आटोपू.

पार्किंग आणि भाडेकरूंच्या नोंदींचे विषय उद्या घेणार नाही, ते पुढच्या बैठकीत.

कोरमसाठी पाच जण लागतात आणि आत्तापर्यंत चौघांचा होकार आला आहे. बी-विंगच्या सदस्यांनी कृपया आज रात्रीपर्यंत कळवावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी वरच्या तीन मुद्द्यांवरचं मत ईमेलने पाठवावं, मी ते बैठकीत वाचून दाखवीन. निर्णय मात्र हजर सदस्यांच्या मतांनीच होईल.

आपली,
मेधा
सचिव, व्यवस्थापन समिती