ड्रेस्डेनहून आई-बाबांना पत्र

ड्रेस्डेन, जर्मनी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉल होत असताना हे एवढे मोठे पत्र कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. मागच्या रविवारी आजीने फोन हातात घेऊन मला विचारले, "करमतं का गं तिकडे?" मी "हो आजी, छान करमतं" असे म्हणून लगेच विषय बदलला. त्यावर बाबा काही बोलले नाहीत, पण फोन ठेवण्यापूर्वी, "परत यावंसं वाटलं तर मोकळेपणाने सांग," एवढे त्यांनी म्हटले. ते वाक्य आठवडाभर माझ्या मनातून गेलेले नाही. समोर तुमचे चेहरे दिसत असले की मला खरे बोलता येत नाही. म्हणून आजीच्या प्रश्नाचे उत्तर लिहून देत आहे. पत्राची पीडीएफ दादाला पाठवली आहे. तो मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल, म्हणजे आजीलाही वाचता येईल.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. मला परत यायचे नाही. हा अभ्यासक्रम मला पूर्ण करायचा आहे आणि तो मला जमतो आहे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. काही दिवस करमते, काही दिवस अजिबात करमत नाही. तुमच्यापासून हे लपवताना मी दोनदा चक्क खोटे बोलले आहे, ते आधी सांगून टाकते.

पहिले खोटे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचे. मैत्रिणींबरोबर दिवाळी साजरी करणार आहे, असे मी तुम्हाला सांगितले होते. प्रत्यक्षात तो मंगळवार होता, सकाळपासून तास होते, आणि ज्यांच्याशी ओळख होऊन पुरता महिनाही झाला नव्हता त्यांच्याकडे आपण होऊन जाण्याचा मला धीर झाला नाही. वसतिगृहाच्या खोलीत धूर ओळखणारा अलार्म असल्यामुळे तेलाचा दिवा लावायची भीती वाटली, म्हणून बॅटरीवरची पणती खिडकीत ठेवली. तुमचा फोन आला तेव्हा आई ओसरीवर रांगोळी दाखवत होती आणि मागे फटाक्यांचे आवाज येत होते. "नेटवर्क बरोबर नाही," असे म्हणून मी फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होते. मला रडू आवरत नव्हते.

दुसरे खोटे नोव्हेंबरमधले. "प्रोजेक्टचे काम आहे, चार दिवस फक्त मेसेज करीन," असे मी लिहिले होते, तेव्हा मला ताप होता. आई, तू हे वाचून घाबरू नकोस; ताप साधा होता आणि पूर्ण बरा झाला. तिसऱ्या दिवशी मी जवळच्या डॉक्टरांकडे गेले, विम्याचे कार्ड दाखवले, मला काहीही पैसे द्यावे लागले नाहीत. त्यांनी तपासून विश्रांती घ्यायला सांगितली. शेजारच्या खोलीतली व्हिएतनामची मुलगी दोन्ही वेळेला गरम सूप आणून देत होती आणि रात्री एकदा दार वाजवून विचारपूसही करून जात होती. माझी हेळसांड झाली नाही. तरीही कपाळावर तुझा हात नव्हता, आणि एकवीस वर्षांत असा ताप मला पहिल्यांदाच आला, हे मला तेव्हा जाणवले.

आता रोजच्या दिवसाविषयी लिहिते. इथे सध्या सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चार वाजता सूर्य मावळतो. ढगाळ दिवशी तर तो उगवला की नाही हेही कळत नाही. थंडीचे मला काही वाटत नाही. निफाडच्या थंडीत मामाकडे शेकोटीपाशी बसलेली मुलगी आहे मी, आणि इथे खोलीत हीटर असतो, बाबांनी घेऊन दिलेले जाकीटही पुरेसे आहे. त्रास होतो तो अंधाराचा. घड्याळे मागे गेल्यापासून आपल्यात साडेचार तासांचे अंतर आहे, त्यामुळे इथे चार वाजता बाहेर काळोख पडतो तेव्हा आपल्या घरी साडेआठ झालेले असतात. आई पाने वाढायला घेते, बाबा सातपूरहून येऊन हातपाय धुऊन बसलेले असतात, आजी "मधुरा जेवली का गं?" असे विचारत असते. ही वेळ सर्वांत कठीण जाते. दिवसभर इंग्रजी आणि मोडकी जर्मन बोलून जीभ थकते. कित्येकदा सबंध दिवसात मराठीचा एक शब्दही तोंडातून निघालेला नसतो, आणि मला मधुरा अशी नीट हाक मारणारेही इथे कोणी नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. असे होते, एवढेच तुम्हाला माहीत असावे, आणि त्यावर मी काय करते हेही माहीत असावे. पंधरा दिवसांपूर्वी मी ठरवले की चार वाजता खोलीत एकटे बसायचे नाही. त्या वेळी मी ग्रंथालयात जाते किंवा नदीकाठी चालून येते. बुधवारी आणि शनिवारी आम्ही पाच जणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एकत्र जेवण करतो; त्यांत एक धारवाडची आहे, तिला थोडे मराठी कळते, आणि तिच्याशी बोलताना माझा सूर आपोआप मोकळा होतो. परवा मी आईच्या पद्धतीने मटकीची उसळ केली. मोड यायला इथे दोन दिवस लागले, शेवटी भांडे हीटरजवळ ठेवावे लागले, पण चव जवळपास घरची आली. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहेत. त्यांच्याकडेही मी एकदा जाऊन आले आणि जानेवारीत पुन्हा जाणार आहे. माझे काही बिघडले आहे असा त्याचा अर्थ घेऊ नका. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिल्या हिवाळ्यात बाहेरून आलेल्या पुष्कळ मुलांना असे होते, हे सांगितले. मला त्याने खरोखर हलके वाटले.

अभ्यासाविषयी मात्र मी फोनवर जे सांगते ते सगळे खरे आहे. विशेषतः पूरव्यवस्थापनाचा विषय मला इतका आवडतो आहे की त्या तासाला मी घर पूर्ण विसरते, किंवा खरे म्हणजे घर तिथेच सापडते. या शहरातून एल्बे नदी वाहते. ऑगस्ट २००२ मध्ये तिला आलेल्या महापुरात इथली पाणीपातळी ९.४० मीटरपर्यंत गेली होती आणि जुन्या शहरातल्या नामांकित इमारतींत पाणी शिरले होते. पूर कसा मोजतात, यावर प्रत्येकाने आपापल्या गावाचे उदाहरण द्यायचे होते, तेव्हा मी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीविषयी बोलले. गंगेला पूर आला की अख्खे नाशिक आधी "मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय?" असे विचारते, गुडघा, कंबर, छाती, गळा अशा खुणांवरून घाट, सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या लोकांना आपण काय आवरायचे ते कळते, आणि गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला आहे हा आकडा त्यानंतर येतो, असे मी समजावले. प्राध्यापकांनी फोटो पुन्हा पडद्यावर आणायला सांगितला आणि लोकांना लगेच समजणारी खूण आकड्याइतकीच मोलाची असते, या मुद्द्यावर उरलेला तास चर्चा झाली. बाबा, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन होळकर पुलावरून पूर दाखवायला नेत होतात. त्या दिवशी मी वर्गात तेच सांगत होते. मी इथे का आले आहे, हे मला त्या तासाला अगदी स्पष्ट दिसले.

पैशांची काळजी करू नका. ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा ९९२ युरो मिळतात. खोलीचे भाडे ३१५, आरोग्यविमा सुमारे दीडशे, किराणा आणि मेन्सामधले जेवण मिळून सव्वादोनशेच्या आसपास. बस आणि ट्रामचा पास सहामाही शुल्कातच येतो. वरखर्च धरूनही दीडशे-दोनशे युरो बाजूला पडतात, त्यातून पुढच्या सहामाहीचे शुल्क भरता येईल. फेब्रुवारीतल्या परीक्षा होईपर्यंत मी काम शोधणार नाही. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याची चिंता बाबांना आतापासूनच आहे हे मला माहीत आहे, पण पहिल्या सहामाहीतले गुण त्यासाठी अधिक उपयोगाचे आहेत.

आता माझी एक विनंती आहे आणि ती मी मनापासून करते. आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या मनगटाला प्लास्टर घातले, हे मला दहा दिवसांनी दादाकडून कळले. त्या दहा दिवसांत आपण रोज बोलत होतो आणि आजीचा तो हात तुम्ही दर वेळी पदराआड ठेवायला सांगत होतात. मला धक्का बसू नये म्हणून तुम्ही हे केले, हे मला समजते. मीही तापाबाबत तेच केले. पण ते कळल्यापासून फोनवर तुम्ही "सगळे ठीक आहे" म्हणालात की मी तुमच्या मागची भिंत, औषधांचा डबा, बाबांचा चेहरा न्याहाळत बसते. तुम्हीही माझ्या डोळ्यांखालची वर्तुळे अशीच न्याहाळत असणार. यापुढे मी दुखले-खुपले लगेच सांगीन, तुम्हीही सांगा. मामाच्या बागेचेही खरे काय ते कळवा. यंदा पाऊस लांबला, त्यात किती घड हाती राहिले, याविषयी मी विचारले की आई नुसते "बघू" म्हणते.

इथे वसंत ऋतूत दुकानांत भारतातून आलेली द्राक्षे मिळतात, असे वरच्या वर्गातली मुले सांगतात. मी वाट पाहते आहे.

उन्हाळी सहामाहीच्या परीक्षा ऑगस्टमध्ये संपतील. पुढच्या वर्षी गणपती १४ सप्टेंबरला बसतात. तिकीट परवडणाऱ्या दरात मिळाले तर मी त्याआधी घरी येईन. आज नक्की शब्द देत नाही, कारण दिलेला शब्द मोडला तर तुमच्यापेक्षा मलाच अधिक लागेल. तोपर्यंत आईने गोड्या मसाल्याचे प्रमाण चमच्यांत मोजून कळवावे, कारण "अंदाजाने घाल" हे मला अजून जमत नाही. बाबांनी सकाळी सोमेश्वरपर्यंत फिरायला जाणे थंडीमुळे बंद केले असेल तर ऊन पडल्यावर जावे, पण बंद करू नये.

पुढच्या रविवारी तुमच्या दुपारी अडीच वाजता फोन करते. इथे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतील आणि उजेड असेल. आजीला फोनजवळ बसवा आणि प्लास्टर कधी निघणार ते तिलाच सांगू दे. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर या वेळी मी विषय बदलणार नाही.

आजीला साष्टांग नमस्कार, दादाला आशीर्वाद मागते असे सांगा.

तुमची,
मधुरा