विषय: तुये खाजनातील पुरात गमावलेल्या जुलैच्या नोंदी आणि नमुने घेण्याचे सुधारित वेळापत्रक

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

१४ जुलैच्या अमावास्येचे उधाण आणि दोन दिवस न थांबलेला पाऊस एकत्र आल्याने तुये येथील खाजनाच्या बाहेरच्या बांधाला भगदाड पडले आणि शापोरा नदीचे पाणी आपल्या प्रायोगिक वाफ्यांतून थेट आत शिरले, हे मी आपल्याला फोनवर थोडक्यात सांगितले होते. पाणी ओसरल्यावर जागेची पाहणी केली असून नेमके काय गेले, काय वाचले आणि पुढे काय करावे असे मला वाटते, ते या पत्रात मांडत आहे.

तुये येथे भूजलाची क्षारता नोंदवणारी दोन उपकरणे होती. त्यातील एक नळीसकट वाहून गेले. दुसरे गाळात सापडले, पण त्याच्या आत पाणी गेल्यामुळे जूनअखेरनंतरची नोंद वाचता येत नाही. ८ जुलैला काढलेले मातीचे नमुने कूळ संघटनेच्या कोठारात वाळत ठेवले होते आणि तेथेही पाणी चढले. पिशव्यांतील चिठ्ठ्यांवर पेन्सिलने लिहिलेले क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतात, परंतु मातीतील विद्राव्य क्षार पाण्याबरोबर निघून गेल्याने विद्युत वाहकतेसाठी हे नमुने निरुपयोगी झाले आहेत. ज्या पिशव्यांची तोंडे घट्ट बांधलेली राहिली, त्यांतील माती पोत तपासण्यापुरती वापरता येईल. एप्रिल ते जूनच्या सर्व नोंदी विभागातील संगणकावर सुरक्षित आहेत, आणि पार्से व आगरवाडा येथील वाफे व उपकरणे शाबूत आहेत.

सर्वांत मोठे नुकसान असे की पावसाच्या पाण्याने खाजनातील मीठ किती वेगाने धुऊन जाते, याचा तुये येथील आलेख मधोमध तुटला. जून आणि ऑगस्टच्या आकड्यांवरून जुलैचे आकडे अंदाजाने भरणे मला योग्य वाटत नाही, कारण भगदाडानंतरचे शेत हे आधीचे शेत राहिलेले नाही. वाफ्यांवर नदीचा बारीक गाळ बसला आहे, आणि कोरगुटची रोपे काही ठिकाणी तग धरून असली तरी शेजारच्या ज्योतीची लावणी बहुतेक कुजली आहे. म्हणून क्षार धुण्याच्या वेगाचे विश्लेषण या वर्षी पार्से आणि आगरवाड्यापुरते ठेवावे, तुये त्यातून वगळावे आणि तेथील जून-जुलैची मोजणी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करावी, अशी माझी विनंती आहे.

मात्र तुये सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. भर पावसाळ्यात नदीचे पाणी जवळजवळ गोडे असते, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याने आज फारसे मीठ आणलेले नसावे. खरा धोका पुढे आहे. सप्टेंबरनंतर नदीचा प्रवाह ओसरू लागला की भरतीचे खारे पाणी वर सरकेल, आणि तोवर बांध दुरुस्त झाला नाही तर नेमक्या पोटरी-कणसाच्या दिवसांत माती ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर ही क्षारतेची मर्यादा ओलांडू शकेल. कुळांना आज याच प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि भगदाड पडण्याआधीच्या तीन महिन्यांच्या नोंदी हाती असल्याने ते देण्याची संधी आपल्याला आहे.

त्यासाठी मातीचे नमुने यापुढे भांगाच्या दिवसांत घ्यावेत, कारण तेव्हा भरती कमी चढते आणि वाफ्यात उतरणे सोयीचे होते. ७ ऑगस्ट, २१ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, २१ सप्टेंबर आणि ५ ऑक्टोबर या तारखा मी धरल्या आहेत, आणि शेवटचे नमुने कापणीच्या वेळी, साधारण २० ऑक्टोबरला घ्यावेत. सप्टेंबरमधील दुसरी फेरी चतुर्थीच्या सुट्टीमुळे दोन-तीन दिवस पुढे ढकलली आहे. खोली पूर्वीप्रमाणेच ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर राहील. मधल्या प्रत्येक उधाणाला माती न काढता फक्त मानशीच्या आतल्या व बाहेरच्या पाण्याची वाहकता हातातील मीटरने मोजेन, म्हणजे गेलेल्या उपकरणांची उणीव काही अंशी भरून निघेल. तासातासाची नोंद यातून मिळणार नाही, ही मर्यादा प्रबंधात स्पष्टपणे लिहावी लागेल.

विभागाच्या भांडारात एक जुने नोंदयंत्र आहे असे समजते. ते तुये येथे बसवण्यासाठी आपले पत्र मिळाल्यास बरे होईल. नळी या वेळी बांधापासून दूर, उंच वरंब्यावर रोवण्यास कुळांनी संमती दिली आहे.

पहिली फेरी ७ ऑगस्टला असल्याने ३० जुलैपर्यंत आपला निर्णय कळावा, ही विनंती. तुये वगळण्याबाबत आपले मत वेगळे असेल, तर जूनपर्यंतचे आलेख घेऊन मी आपल्या सोयीच्या वेळी विभागात येईन. वाहून गेलेल्या आणि बिघडलेल्या उपकरणांची छायाचित्रे व जूनअखेरपर्यंतची नोंदवही सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
सुप्रिया गावस